एकतीस तारखेचा हप्ता

माझ्यासमोर परतफेडीची दोन पत्रकं आहेत. दोन्ही एकाच कर्जाची. एका कारखान्यात काम करणाऱ्या ताईंनी 31 जुलै 2025 रोजी एका पतसंस्थेकडून 60,000 रुपये घेतले. व्याज वर्षाला 12 टक्के, बारा हप्ते, दर हप्ता 5,331 रुपये. करारात लिहिलं होतं, ‘हप्ता दरमहा महिन्याच्या शेवटच्या दिवशी’. त्यांचा पगार महिनाअखेरीला खात्यात पडतो आणि त्यातूनच हप्ता आपोआप वळता व्हावा, म्हणून त्यांनी मुद्दाम तसं लिहून घेतलं होतं.

ऑगस्टचा हप्ता गेला, सप्टेंबरचाही गेला. ऑक्टोबरचा परत आला. खात्यात पैसे नव्हते, कारण वसुली 30 ऑक्टोबरला लागली आणि पगार 31 ला झाला. बँकेनं हप्ता न वटल्याचा आकार लावला, संस्थेनं उशिराचा दंड लावला, आणि ताईंच्या नावापुढे थकबाकीची नोंद झाली.

पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना मी संगणकावरचा हिशेब शिकवते, म्हणून ते पत्रक माझ्याकडे आलं. कारकून भाऊंना मी विचारलं, “भाऊ, ऑक्टोबरला एकतीस दिवस असताना तारीख तीस कशी आली?” ते म्हणाले, “मॅडम, तारखा हातानं नाही घातल्या. एक्सेलनं काढल्यात, त्या चुकतील कशा?” त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर नीट द्यायचं, तर तारखेत महिना मिळवणं म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

आपल्यापैकी अनेकजण महिन्यांचे दिवस मुठीवर मोजायला शिकले. बोटांच्या मुळाशी असलेला उंचवटा म्हणजे एकतीस, मधली खळगी म्हणजे तीस, आणि फेब्रुवारी वेगळा लक्षात ठेवायचा. दिवस सगळे सारखे असतात, पण महिना हे लवचीक माप आहे. 5 तारखेपासून एक महिना म्हणजे पुढच्या महिन्याची 5 तारीख, याबद्दल कोणाचं दुमत होत नाही. 31 तारखेपासून एक महिना म्हटलं की मात्र अडचण येते. पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो, तसा सप्टेंबरात 31 तारखेचा क्षय असतो, आणि फेब्रुवारीत तर 30 आणि 31 या दोन्ही तारखांचा, तीन वर्षं 29 चाही. मग हप्ता कधी भरायचा?

हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. आपल्याकडच्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेशांच्या कायद्यात, कलम 23 मध्ये त्याचं उत्तर दिलेलं आहे: ज्या महिन्यात मुदत संपते त्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपली असं धरावं. कायद्यानं खाली उदाहरणंही दिली आहेत. 30 ऑगस्ट 1878 ची तीन महिने मुदतीची चिठ्ठी आणि 31 ऑगस्ट 1878 ची तीन महिने मुदतीची चिठ्ठी, या दोन्ही 3 डिसेंबरलाच देय होतात. कारण दोन्हींची मुदत 30 नोव्हेंबरला संपते, आणि त्यावर सवलतीचे तीन दिवस मिळतात. वेगवेगळ्या दिवशी लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या एकाच दिवशी येऊन थांबल्या, हे लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीची किल्ली त्यातच आहे.

एक्सेलमधलं EDATE हे सूत्र याच नियमानं चालतं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कोणत्या तारखेपासून आणि किती महिने. B1 या घरात 31 जुलै 2025 लिहिलं असेल, तर दोन महिन्यांनंतरची तारीख अशी मिळते:

```
=EDATE(B1,2)
```

उत्तर 30 सप्टेंबर 2025. सप्टेंबरात 31 नाही, म्हणून सूत्र महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबलं. पुढच्या महिन्यात सांडलं नाही. महिन्याच्या जागी उणे आकडा दिला तर ते मागे जातं. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही हेच नाव आणि हेच काम.

पहिल्यांदा हे सूत्र लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा तारीख दिसतच नाही. घरात 45930 असा आकडा उमटतो आणि माणूस ते पुसून टाकतो. पुसू नका, तीच तारीख आहे. एक्सेल तारीख म्हणून दिवसांची मोजणी साठवतं. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस, तिथून मोजत आलं की 31 जुलै 2025 चा क्रमांक 45869 आणि 30 सप्टेंबरचा 45930. Ctrl आणि 1 ही बटणं एकत्र दाबून त्या घराला तारखेचं रूप दिलं की झालं. शक्यतो महिन्याचं नाव अक्षरांत दिसेल असं रूप निवडा, त्याचं कारण पुढे येईल. मोजणीच 1900 पासून सुरू होत असल्यामुळे कायद्यातली 1878 ची चिठ्ठी मात्र एक्सेलला पेलत नाही. तो हिशेब मुठीवरच करावा लागतो.

दिवस मोजलेले असल्यामुळे कोणाच्याही मनात येईल की सरळ 30 मिळवत गेलं तर काय बिघडतं. 31 जुलैत 30 मिळवले की 30 ऑगस्ट येतो, पुन्हा 30 मिळवले की 29 सप्टेंबर. बारा वेळा केलं की 360 दिवस होतात, वर्ष पाच दिवस आधीच संपतं आणि शेवटचा हप्ता 26 जुलैला येतो. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती फारशी टिकत नाही. भाऊंच्या पत्रकातली चूक अधिक सोज्वळ चेहऱ्याची होती.

त्यांनी पहिल्या हप्त्यासाठी कर्जाच्या तारखेत एक महिना मिळवला होता. दुसऱ्या हप्त्यासाठी पहिल्या हप्त्याच्या तारखेत एक महिना, तिसऱ्यासाठी दुसऱ्याच्या तारखेत. खालच्या प्रत्येक घरात वरच्या घराची तारीख घेऊन एक महिना पुढे:

```
=EDATE(B4,1)
```

हे लिहायला सोपं, खाली ओढायलाही सोपं, आणि ऐकायला अगदी बरोबर वाटतं. हप्ता दर महिन्याला आहे, तर मागच्या हप्त्यानंतर एका महिन्यानं पुढचा. आता तारखा क्रमानं पाहू. 31 जुलैवरून 31 ऑगस्ट. तिथून 30 सप्टेंबर, कारण 31 नाही. इथवर सगळं ठीक. पण पुढच्या ओळीतल्या सूत्राच्या हाती फक्त ‘30 सप्टेंबर’ येतं. ही तारीख मुळात 31 होती आणि नाइलाजानं 30 झाली, हे त्याला कुठून कळणार? ते 30 ऑक्टोबर देतं. मग 30 नोव्हेंबर, 30 डिसेंबर, 30 जानेवारी. फेब्रुवारीत 30 नाही म्हणून 28 फेब्रुवारी 2026. आणि त्यापुढे 28 मार्च, 28 एप्रिल, 28 मे, 28 जून, 28 जुलै. तारीख दोन पायऱ्या उतरली आणि परत वर चढलीच नाही. महिनाअखेरीला हप्ता भरायचं ठरवलेल्या बाईंना मार्चपासून पगाराच्या आधी दोन-तीन दिवस हप्ता द्यावा लागला असता, दर महिन्याला, आणि दर महिन्याला तो परत गेला असता.

सूत्रानं कुठेही चूक केलेली नाही. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासली तर बरोबर आहे. 30 सप्टेंबरपासून एक महिना म्हणजे 30 ऑक्टोबरच. चूक आहे ती साखळीत. महिन्याच्या शेवटाशी अडवलेली तारीख आपला मूळ आकडा विसरते, आणि ती विसरलेली तारीख आपण पुढच्या मोजणीचा पाया केली. 30 आणि 31 ऑगस्टच्या चिठ्ठ्या एकाच दिवशी थांबल्यावर कोणती कोणाची हे त्या दिवसावरून ओळखता येत नाही, तसंच हे. 31 जानेवारीला एक महिना पुढे नेऊन 28 फेब्रुवारी केलं आणि एक महिना मागे आणलं, तर 28 जानेवारी मिळते. गेलेले तीन दिवस परत येत नाहीत.

म्हणून प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासूनच मोजायचा. पहिला एक महिन्यानं, दुसरा दोन महिन्यांनी, बारावा बारा महिन्यांनी. पत्रकात हप्त्याचा क्रमांक असतोच. तो A4 ते A15 मध्ये आहे असं समजा, आणि कर्जाची तारीख B1 मध्ये. मग B4 मध्ये लिहायचं:

```
=EDATE($B$1,A4)
```

डॉलरच्या दोन खुणा इथे महत्त्वाच्या आहेत. सूत्र खाली ओढलं की A4 चं A5, A6 होत जातं, पण $B$1 जागचं हलत नाही. आता ऑक्टोबरची ओळ 31 जुलैपासून तीन महिने मोजते आणि 31 ऑक्टोबर देते. फेब्रुवारीची ओळ 28 देते, आणि तिच्या खालची मार्चची ओळ पुन्हा 31 वर येते. कारण ती फेब्रुवारीकडे बघतच नाही.

जुनं पत्रक हाती आलं तर साखळी आहे का, हे कसं ओळखायचं? मी सगळ्यात आधी शेवटची ओळ बघते. बारावा हप्ता कर्जाच्या तारखेच्या वाढदिवशी यायला हवा. 31 जुलैला दिलेलं कर्ज 28 जुलैला संपत असेल, तर मध्ये कुठेतरी तारीख घसरलेली आहे. दुसरी खूण फेब्रुवारीच्या खाली असते: मार्चपासून सलग 28, 28, 28 अशी रांग दिसली की दुसरं काही तपासायची गरज उरत नाही. 28 किंवा त्याआधीच्या तारखेला दिलेल्या कर्जात मात्र साखळी कधीच घसरत नाही. त्यामुळे एखादी संस्था वर्षानुवर्षं तेच पत्रक वापरते, शंभर कर्जं सुरळीत जातात, आणि मग कोणीतरी महिन्याच्या 30 किंवा 31 तारखेला कर्ज घेतं.

भाऊंनी सूत्र बदललं, तारखा जुळल्या, आणि त्यांना वाटलं काम झालं. मी त्यांना दुसरं एक कर्ज उघडायला सांगितलं. ते 30 एप्रिल 2025 चं होतं, आणि करारातले शब्द तेच, ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी’. दुरुस्त केलेल्या सूत्रानं उत्तर दिलं: 30 मे, 30 जून, 30 जुलै. मे आणि जुलै एकतीस दिवसांचे आहेत. शेवटचा दिवस पुन्हा हुकला, आणि या वेळी साखळीही नव्हती.

या जागी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण खरी गोम इथे आहे. ‘30 एप्रिल’ या तारखेत दोन वेगवेगळे अर्थ दडलेले असू शकतात. एक, ‘दर महिन्याच्या तीस तारखेला’. दुसरा, ‘दर महिनाअखेरीला’. एप्रिलमध्ये हे दोन्ही दिवस एकच आहेत, मे महिन्यात ते वेगळे होतात. तारखेकडे कितीही बारकाईनं पाहिलं तरी कर्जदारानं कोणता शब्द दिला होता हे तिच्यातून निघत नाही. ते करारातच वाचावं लागतं. EDATE पहिला अर्थ धरतं. दुसऱ्या अर्थासाठी वेगळं सूत्र आहे, EOMONTH:

```
=EOMONTH($B$1,A4)
```

हे सूत्र तारखेतला दिवस पूर्णपणे बाजूला ठेवतं. महिना तेवढा बघतं, सांगितले तितके महिने पुढे जातं आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस देतं. 30 एप्रिलवरून 31 मे, 30 जून, 31 जुलै. फेब्रुवारी 2028 सारखा लीप वर्षातला फेब्रुवारी आला तर 29. महिन्यांच्या जागी शून्य दिलं तर चालू महिन्याचाच शेवटचा दिवस मिळतो. आणि मूळ तारीख 1 एप्रिल असो, 17 असो की 30, उत्तर तेच. याला दिवस लक्षात ठेवायचाच नसल्यामुळे ते काही विसरतही नाही. म्हणून EOMONTH ची साखळी केली तरी तारीख घसरत नाही. तरीही मी मूळ तारखेपासूनच मोजते, कारण मधली एखादी ओळ कोणी हातानं बदलली तर खालचं सगळं पत्रक तिच्या मागे जाऊ नये.

ताईंच्या 31 जुलैच्या कर्जाला दोन्ही सूत्रं एकसारख्याच बारा तारखा देतात. त्यामुळे तिथे कोणतंही वापरलं तरी चालतं असा समज होतो. पण 31 ही एकच तारीख अशी आहे, की जिथे दोन्ही अर्थ प्रत्येक महिन्यात जुळतात. 30 तारखेला ते वर्षातून सात महिन्यांत वेगळे होतात. 28 फेब्रुवारीला कर्ज दिलं असेल तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याला वेगळे. म्हणून करारात महिनाअखेर असेल, तर पत्रकात EOMONTH. करारात तारखेचा आकडा असेल, तर EDATE.

काहीजण यावर एक चतुर उपाय करतात: कर्जाची तारीख महिन्याची शेवटची असेल तर EOMONTH, नाहीतर EDATE, असं एकत्र सूत्र लिहितात. मला तो पटत नाही. तो कर्जदाराच्या वतीनं अंदाज बांधतो. 30 एप्रिलला कर्ज घेऊन ‘तीस तारखेला भरेन’ म्हणणाऱ्या माणसाला तो गुपचूप 31 वर नेतो. त्यापेक्षा पत्रकात ‘करारातले शब्द’ असा एक रकाना ठेवावा आणि त्यात ‘ठरावीक तारीख’ किंवा ‘महिनाअखेर’ असं माणसानं वाचून भरावं.

रिझर्व्ह बँकेनं 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तीय संस्थांना सांगितलं, की परतफेडीच्या नेमक्या तारखा कर्जाच्या करारात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. पत्रक काढणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. अंदाजाची जागाच उरत नाही.

त्याच परिपत्रकात एक उदाहरण आहे. मी ते वर्गात नेहमी घेते, कारण तिथे EDATE वापरणं चुकीचं ठरतं. हप्ता 31 मार्च 2021 चा आहे आणि त्या दिवसाचं कामकाज मिटवेपर्यंत पूर्ण रक्कम आलेली नाही. खातं त्याच दिवसापासून थकीत. सलग थकीत राहिलं तर 30 एप्रिलला त्याची एक पायरी, 30 मे ला दुसरी, आणि 29 जूनला ते अनुत्पादक कर्जात जातं. 31 मार्चमध्ये तीन महिने मिळवले असते तर 30 जून आला असता. पण नियम तीस, साठ आणि नव्वद दिवसांचा आहे, महिन्यांचा नाही. म्हणून तिथे फक्त बेरीज:

```
=B4+90
```

एक दिवसाचा फरक. पण त्या एका दिवसावर खात्याचा वर्ग ठरतो. ‘तीन महिने’ आणि ‘नव्वद दिवस’ हे बोलताना आपण एकाच अर्थानं वापरतो, पत्रकात वापरू नये. उलट बाजूनं, पंधरवड्याच्या हप्त्यासाठी EDATE ला अर्धा महिना सांगण्यात अर्थ नाही. ते अपूर्णांक टाकून देतं, 0.5 म्हणजे शून्य धरतं आणि तीच तारीख परत करतं. चूक झाल्याचा इशाराही देत नाही.

अनेक ठिकाणी हप्ता 5 किंवा 10 तारखेला असतो, कर्ज कोणत्याही दिवशी दिलेलं असो. 12 ऑगस्टला कर्ज दिलं, पहिला हप्ता 5 सप्टेंबरला, पुढे दर 5 ला. इथे EOMONTH वेगळ्या कामाला येतं. चालू महिन्याच्या शेवटच्या दिवशी जाऊन उभं राहायचं आणि तिथून पाच दिवस पुढे चालायचं:

```
=EOMONTH($B$1,A4-1)+5
```

पहिल्या हप्त्याला A4 मध्ये 1 आहे, म्हणजे शून्य महिने, म्हणजे 31 ऑगस्ट, अधिक पाच. 28 पर्यंतच्या कोणत्याही तारखेसाठी हे निर्धोक आहे. पाचाच्या जागी 30 लिहिलं की मात्र जानेवारीच्या शेवटापासून तीस दिवस चालून आपण 2 मार्चला पोचतो, आणि फेब्रुवारीचा हप्ताच नाहीसा होतो. 30 तारीखच हवी असेल, तर दोन तारखांपैकी जी आधी येते ती घ्यायची:

```
=MIN(EOMONTH($B$1,A4-1)+30,EOMONTH($B$1,A4))
```

फेब्रुवारीत 2 मार्चपेक्षा 28 फेब्रुवारी आधी, म्हणून 28. मार्चमध्ये 31 पेक्षा 30 आधी, म्हणून 30. ठरलेला दिवस इथे सूत्रात आकड्यानं लिहिलेला असल्यामुळे तो विसरला जात नाही. पहिला हप्ताच फेब्रुवारीत येत असेल तेव्हा याची फार गरज पडते. कारण पहिल्या हप्त्याची 28 तारीख पाया म्हणून धरली, तर मूळ तारखेपासून मोजूनही सगळे हप्ते 28 लाच येणार.

आता सुट्ट्या. ताईंच्या बारा तारखांपैकी तीन रविवारी येतात: 31 ऑगस्ट आणि 30 नोव्हेंबर 2025, आणि 31 मे 2026. शिवाय 28 फेब्रुवारी 2026 हा चौथा शनिवार आहे. खात्यातून हप्ता वळता करणारी नाच ही यंत्रणा 1 ऑगस्ट 2021 पासून आठवड्याचे सातही दिवस चालते, त्यामुळे रविवारची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. पण रोखीनं भरणाऱ्याला ती आहेच. हप्ता सुट्टीच्या आधी घ्यायचा की नंतर, हेही करारानंच सांगायचं. हुंडी आणि वचनचिठ्ठीला कायदा आधीचा कामाचा दिवस धरतो, अनेक कर्जांच्या करारांत पुढचा दिवस असतो. पत्रकात एवढंच जपायचं, की सरकवलेली तारीख वेगळ्या रकान्यात लिहायची. देय तारखेवरच ती लिहिली आणि पुढचा हप्ता तिच्यापासून मोजला, तर फेब्रुवारीत झालं तेच रविवारनं होईल.

राहिली ती पायातली तारीख. सूत्र कितीही बिनचूक असलं तरी B1 मध्ये चुकीची तारीख बसली असेल तर सगळं पत्रक शिस्तीनं चुकतं. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तो महिना आधी वाचतो. तिथे 31/07/2025 लिहिलं की एकतिसावा महिना नसल्यामुळे एक्सेल त्याला तारीख मानत नाही, साधी अक्षरं म्हणून ठेवतं, आणि EDATE पुढे #VALUE! असं दाखवतं. ही चूक बोलते, म्हणून ती बरी. पण 05/08/2025 लिहिलं, म्हणजे आपली 5 ऑगस्ट, तर संगणक निमूटपणे 8 मे धरतो, आणि बाराच्या बारा हप्ते सुंदर क्रमानं चुकीच्या दिवशी येतात. खरी तारीख घरात उजवीकडे चिकटते आणि अक्षरं डावीकडे, ही पहिली खूण. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नका. त्यांत दिवस आणि महिना उलटलेले असण्याची दाट शक्यता असते. आणि घराला महिन्याचं नाव दाखवणारं रूप दिलं की ‘08-May-2025’ असं डोळ्यांसमोर येतं आणि चूक लपत नाही. मघाशी सांगितलं ते कारण हेच.

एक्सेल 2003 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही दोन सूत्रं अ‍ॅनालिसिस टूलपॅक नावाची वेगळी जोडणी सुरू केल्याशिवाय चालत नसत, आणि #NAME? असा शेरा येई. 2007 पासून ती एक्सेलच्या पोटातच आहेत. इतकी जुनी यंत्रं आता क्वचित दिसतात, पण त्या काळात लोकांनी या सूत्रांना वळसा घालायला शोधलेली युक्ती अजून पत्रकांत सापडते. वर्ष, महिना आणि दिवस सुटे करून, महिन्यात एक मिळवून, DATE या सूत्रानं परत जोडायचे. ते सूत्र महिन्याच्या शेवटी थांबत नाही. 2026, दुसरा महिना, 31 वा दिवस असं सांगितलं की ते फेब्रुवारीचे 28 दिवस संपवून उरलेले तीन पुढे मोजतं आणि 3 मार्च देतं. पत्रकात फेब्रुवारीचा हप्ता नाही आणि मार्चमध्ये दोन हप्ते आहेत असं दिसलं, तर सूत्राच्या ओळीत DATE शोधा.

भाऊंनी त्या दिवशी संस्थेची चालू कर्जं 29, 30 आणि 31 तारखांप्रमाणे गाळून काढली. महिनाअखेरीची वेगळी, ठरावीक तारखेची वेगळी, प्रत्येकाचा करार फाईलमधून काढून समोर ठेवून. ताईंच्या पत्रकातला पुढचा हप्ता 30 नोव्हेंबरचा होता. तो जुन्या आणि नव्या दोन्ही पत्रकांत तोच. त्याखाली मात्र 31 डिसेंबर, 31 जानेवारी, 28 फेब्रुवारी आणि पुन्हा 31 मार्च आले, आणि शेवटच्या ओळीत 31 जुलै 2026. ऑक्टोबरचा दंड आणि थकबाकीची नोंद मागे घेण्याचं टिपण त्यांनी स्वतः लिहिलं, कराराची प्रत आणि दोन्ही पत्रकं जोडून. बँकेनं कापलेला आकारही संस्थेनं भरून द्यावा, हे वाक्य त्यात माझ्या सांगण्यावरून आलं नाही. ते त्यांनीच घातलं होतं.